भेंडी चिकट होऊ न देता कशी करायची: पाव किलो सुक्या भाजीचा पूर्ण हिशेब

नागपुरात शिकायला किंवा नोकरीला आलेली, पहिल्यांदाच स्वतःचा गॅस पेटवणारी पोरं-पोरी वरण-भात आणि आलूची भाजी पटकन शिकून घेतात, पण भेंडीपाशी अडतात. कढईत सगळं नीट चाललंय असं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सराटा वर उचलला की त्याच्या मागे पांढऱ्या तारा येतात, मग घाबरून कोणी झाकण ठेवतं, कोणी पाण्याचा हबका मारतं, आणि भाजी तिथेच बिघडते. खरं तर त्या तारा येणं नॉर्मल आहे, त्या दिसल्यावर काय करायचं एवढंच शिकायचंय.

इथे मी एकच भाजी सांगते, फोडणीची साधी सुकी भेंडी, दोन माणसांना पुरेल अशी पाव किलो. ही एक नीट जमली की भरली भेंडी, दह्यातली, चिंचेच्या रश्शातली, सगळ्याचा पाया तोच.

आधी हे चिकट प्रकरण असतं काय ते दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढच्या स्टेप्स पाठ कराव्या लागणार नाहीत. भेंडीच्या आत एक चिकट द्रव असतो, साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला, आणि तो पाण्यात विरघळतो. सब्जा पाण्यात टाकला की भोवती जेली धरतो ना, तसंच काहीसं. भेंडी अख्खी असते तोवर हा द्रव आत बंद असतो, सुरी लागली की बाहेर यायला मोकळा, आणि बाहेर आल्यावर त्याला जितकं पाणी भेटेल तितका तो पसरतो. आता मजा अशी की भेंडी स्वतःच सुमारे नव्वद टक्के पाणी आहे, म्हणजे पाव किलो भेंडीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पाणीच. त्यामुळे आपलं काम दोनच गोष्टींचं, बाहेरून एक थेंबही पाणी द्यायचं नाही, आणि आतलं जे बाहेर येईल ते वाफ होऊन लवकर उडून जाईल असं बघायचं. आंबट टाकायचं ते उरलेल्या तारा तोडायला.

भेंडी घेताना कोवळी घ्या, बोटाएवढ्या लांबीची, फार जाड नको. जून भेंडीत दोरे असतात आणि ती मऊ व्हायला इतका वेळ घेते की तोवर बाकीची करपते. ओळखायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, टोक वाकवायचं, टचकन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात किंवा गोकुळपेठेत कुठेही हे केलं तर भाजीवाली मावशी ओरडणारच, "तोडू नका नं बाप्पा, मंग बाकीचे काहून घेतीन", तर दोन-तीनच मोडून बघा आणि मोडलेल्या आपल्याच पिशवीत टाका, ते बरं दिसतं. दुसरी गोष्ट म्हणजे भाजी ताजी दिसावी म्हणून ठेल्यावर त्यावर सारखं पाणी मारलेलं असतं. ती ओली भेंडी तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये टाकली तर दुसऱ्या दिवशी अंगावर बुळबुळीत डाग पडतात आणि अशी भेंडी कितीही परतली तरी चिकटच लागते. घरी आल्यावर पिशवीतून काढा, फडक्याने पुसा, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

आता धुणं. धुवायची अख्खी असतानाच, देठासकट, वाहत्या पाण्याखाली चोळून, आणि लगेच चाळणीत. पाण्यात भिजत ठेवायची नाही. आणि चिरल्यावर धुणं म्हणजे तर मुद्दाम चिकट करणंच झालं, पण नवीन माणसं हमखास हे करतात कारण बाकी सगळ्या भाज्यांत ते चालून जातं.

धुतल्यावर वाळवणं, आणि इथे नागपूरची हवा मधे येते. एप्रिल-मे मध्ये काही टेन्शन नाही, पेपरवर किंवा कॉटनच्या पंचावर पसरली की पंधरा-वीस मिनिटांत खडखडीत होते, इतकी कोरडी हवा. फक्त कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा थंड लागते पण ती ओली हवा असते, भेंडी तासभर ठेवली तरी देठापाशी दमट राहते. साध्या पंख्याखाली ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पंख्याखाली पसरूनही नीट वाळत नाही, तेव्हा एकेक भेंडी हातात घेऊन कोरड्या फडक्याने पुसायची, दुसरा इलाज नाही, पाव किलोला पाचेक मिनिटं जातात. त्यात ती फ्रिजमधून काढलेली असेल तर पावसाळी हवेत थंड भेंडीवर परत पाणी धरतं, बाटलीवर धरतं तसंच, म्हणून आधी अर्धा तास बाहेर ठेवायची आणि मग पुसायची. शक्य असेल तर मी पावसाळ्यात रात्रीच धुवून पुसून पेपरवर पसरून ठेवते, सकाळी डब्याच्या घाईत हे सगळं होत नाही.

कोरडी झाली का हे बघायला देठाची टोपी आणि शेंडा चेक करा. भेंडीच्या अंगावर बारीक लव असते आणि टोपीखाली एक खाच असते, पाणी तिथेच लपून बसतं. तिथे बोट फिरवलं आणि ओलं नाही लागलं तर पुढे जा.

चिरताना पाट, सुरी, हात सगळं कोरडं. विळीवर चिरत असाल तर विळीचं पातं पण पुसून घ्या. आधी सगळ्यांचे देठ आणि शेंडे काढून टाका, मग एक ते दीड सेंटीमीटरचे, म्हणजे साधारण बोटाच्या नखाच्या लांबीएवढे जाड तुकडे करा. पातळ चकत्या करू नका. जितके जास्त काप तितक्या जास्त ठिकाणी आतला द्रव उघडा पडतो, पाव किलोच्या अगदी बारीक चकत्या केल्या तर निम्म्या वेळात सगळा पाट चिकट होतो. चार-पाच भेंड्या चिरल्या की सुरीवर पांढरट चिकटा जमतो, तो कोरड्या फडक्याने पुसून टाकायचा, धुवायचा नाही, कारण ओली सुरी पुढच्या भेंडीला पाणी देते. तुकडे ताटात मोकळे पसरून ठेवा, वाटीत ढीग करू नका. वेळ असेल तर पंधरा मिनिटं तसंच पंख्याखाली राहू द्या, कापलेली बाजू जरा सुकते आणि कढईत गेल्यावर तारा बऱ्याच कमी येतात. ज्यांना एवढा पेशन्स नाही त्यांनी उभी चिरावी, एका भेंडीचे चार लांब काप, आडवे काप कमी म्हणून चिकटाही कमी, फक्त मग परतताना हलक्या हाताने, नाहीतर बिया वेगळ्या होऊन खाली करपतात.

कढई पसरट घ्या, आणि जागा मोठी हवी. तुकडे साधारण एका थरात बसले पाहिजेत, फार तर थोडे एकमेकांवर. साधारण दहा इंची कढईत पाव किलो आरामात बसते. अर्धा किलो करायची असेल तर दोनदा करा, एकदम टाकली तर वरचे तुकडे खालच्यांच्या वाफेत शिजतात, परतले जातच नाहीत. कंटाळा येतो मान्य आहे, पण चिकट भेंडीचं सगळ्यात कॉमन कारण छोट्या कढईत जास्त भेंडी हेच असतं, मसाला-बिसाला नंतर.

लोखंडी कढई असेल तर उष्णता छान धरते, पण आंबट टाकलं की लोखंडात भेंडी काळपट पडते आणि कधीकधी लोखंडाची चव पण उतरते. खायला काही वाईट नाही, फक्त रंग बघून घरातले नाक मुरडतात. लोखंडी वापरायची असेल तर भेंडी नुसती परतून घ्या आणि आंबट गॅस बंद करून, भाजी दुसऱ्या भांड्यात काढल्यावर घाला. खालची पद्धत जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कढईसाठी आहे.

लागणारं सामान: पाव किलो भेंडी, अडीच-तीन मोठे चमचे फल्ली तेल, अर्धा लहान चमचा मोहरी, अर्धा जिरे, पाच-सहा लसूण पाकळ्या जाड कापून, पाव चमचा हळद, एक लहान चमचा तिखट, मीठ, अर्धं छोटं लिंबू, आणि हवं असेल तर दोन चमचे फल्लीदाण्याचा कूट. तेल कमी करू नका. एक चमचा तेलात हाय फ्लेमवर भेंडी परतायला गेलात तर बुडाला चिकटते आणि मग पाणी शिंपडायचा मोह होतो, एकदा पाणी शिंपडलं की वरचं सगळं वाया.

मोठा बर्नर, फुल गॅस. तेल चांगलं गरम झालं की मोहरी, ती तडतडली की जिरे, आणि लगेच भेंडी. लसूण आत्ता नाही, या आचेवर तो दोन मिनिटांत कडू होतो. भेंडी पडताना जोरात चर्र आवाज आला पाहिजे. नुसती फुसफुस झाली तर तेल कमी तापलं होतं असं समजा, या वेळी आता काही करता येत नाही, आच फुलच ठेवा आणि थोडा जास्त वेळ धरा.

एकदा हलवून सगळ्या तुकड्यांना तेल लावून घ्या आणि मग हात मागे. पहिली तीन मिनिटं मिनिटाला एकदाच, सराटा खालून घालून वर उचलून पलटायचं, बास. सारखं ढवळत राहिलात तर तुकडे मोडतात, मोडले की आणखी चिकटा बाहेर येतो, आणि सारखं हलल्याने कुठल्याच तुकड्याला नीट आच लागत नाही. झाकण अजिबात नाही. झाकणाखाली वाफेचं पाणी होऊन परत भाजीतच पडतं.

तीन-चार मिनिटांनी तो प्रसंग येतो. तुकडे चकचकीत हिरवे झालेले असतात, एकमेकांना चिकटायला लागतात आणि सराट्याने उचलले की मधे तारा ताणल्या जातात. भाजी सगळ्यात चिकट याच वेळी दिसते, कारण आतलं पाणी आणि द्रव बाहेर आलेला असतो पण उडालेला नसतो. इथे आच कमी करायची नाही. आता लिंबाचा रस, एक लहान चमचा, सगळीकडे फिरवून टाका आणि एकदा पलटा. एवढुसा रस गरम कढईत पडला की त्यातलं पाणी लगेच उडतं, आंबट राहतं. भेंडीचा चिकटा आंबटात पातळ पडतो, त्या लांब तारा तुटायला लागतात, मिनिटभरात फरक डोळ्यांना दिसतो.

लिंबू सुरुवातीलाच का नाही टाकायचं, असं वाटेल. दोन कारणं. आंबट लवकर पडलं तर भेंडीचा हिरवा रंग शेवाळी, मळकट होतो, आणि आंबटात भाजी मऊ व्हायलाही वेळ लागतो, तुकडा आतून कच्चट राहतो. जास्त टाकलं तरी तेच, वर भाजी आंबट ढाण. थोडा रंग शेवटी उतरतोच, तेवढं चालतं. आणि कोणी हिरवा रंग टिकवायला चिमूट सोडा टाक म्हणालं तर ऐकू नका, सोड्याने रंग टिकतो हे खरं, पण सोडा म्हणजे आंबटाच्या बरोबर उलट, चिकटा टिकून राहतो आणि भेंडीचा लगदा होतो.

लिंबू नसेल तर आमचूर अर्धा लहान चमचा, तो कोरडा असल्यामुळे माझा खरं तर जास्त आवडता, पावसाळ्यात तर तोच. दही टाकायचं असेल तर एक चमचा घट्ट, आंबट दही, पातळ ताक नाही. टमाटर मात्र या भाजीत नको, त्याचं आंबट कमी आणि पाणी जास्त. कांद्याचंही तसंच, कांदा हवाच असेल तर वेगळा परतून शेवटी मिसळा.

लिंबू पडल्यावर आच थोडी उतरवा, फुलच्या खाली पण मध्यमच्या वर, आणि अजून चार-पाच मिनिटं, परत मिनिटा-दीड मिनिटाला एकदाच पलटत. इथे कानाने पण कळतं, आधी ओला, जड असा चरचर आवाज असतो, पाणी उडत गेलं की तो बारीक आणि कोरडा होतो. तुकडे आपोआप एकमेकांपासून सुटे होतात, आकाराने जरा आक्रसतात, कडांना तपकिरी डाग पडतात. एक तुकडा उचलून बघा, तार नाही, बोटाने दाबला तर दबतो पण फुटत नाही. तार दिसतेच आहे तर घाई करू नका, मसाल्याने ती जाणार नाही.

आता मध्यम आच. भेंडी कडेला सारून मधे जागा करा, तिथे साचलेल्या तेलात लसूण टाका, तेल दिसत नसेल तर अर्धा चमचा अजून घाला. लसूण सोनेरी झाला की हळद, तिखट, पाच-दहा सेकंद, आणि सगळं एकत्र. मीठ अगदी आता, सगळ्यात शेवटी. मीठ भाजीतलं पाणी ओढून काढतं, सुरुवातीला टाकलं तर आपण जे पाणी उडवायला बघतोय तेच ते आणखी बाहेर आणतं. भाजी आटलेली असते म्हणून मीठ अंदाजापेक्षा कमीच टाका, पाव किलोला अर्धा लहान चमचा पुरतो, लागलं तर वरून. दीड-दोन मिनिटं परता, कूट घालायचा तर आता घाला, एकदा हलवा, गॅस बंद. सगळं मिळून बारा-तेरा मिनिटं होतात. वरून सांबार, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी कोथिंबीर, तीही कोरडी पुसलेली.

कूट किंवा बेसन टाकलं की भेंडी चिकट होत नाही असं बऱ्याच घरी सांगतात. ते अर्धंच खरं आहे, कूट चिकटा शोषून घेतो, घालवत नाही. आधीच सुटी झालेल्या भाजीत तो चवीला मस्त लागतो, पण चिकट भाजीत टाकला तर चिकट कुटाचे गोळे मिळतात.

बिघडलीच तर काय. सात-आठ मिनिटांनंतरही तारा असतील आणि तुकडे अजून कडक असतील, तर कढईत गर्दी आहे, अर्धी भाजी ताटात काढा, उरलेली फुल आचेवर मोकळी परता, मग दुसरी. तुकडे मऊ पडलेत आणि तरी तारा आहेत, म्हणजे वाफेत शिजली, तेव्हा परतून काही होत नाही, नुसता लगदा होईल, अर्धा चमचा आमचूर टाका, आच मध्यम, हलवायचं थांबवा आणि तळाला खरपूस होऊ द्या, मग एकदाच पलटा. खायला होते. बाहेरून काळे डाग आणि आतून कच्ची, तर तुकडे फार मोठे होते किंवा भेंडी जून होती, तिला लो फ्लेमवर पाच मिनिटं जास्त द्या, झाकण न ठेवता.

इंडक्शनवर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रूमवरच्या छोट्या इंडक्शनवर मधला गोल भाग फार तापतो आणि कडा थंड राहतात, त्यामुळे कडेचे तुकडे चिकट आणि मधले करपलेले असं होतं. सपाट बुडाचा फ्रायपॅन वापरा, भेंडी दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका आणि पलटताना कडेचं मधे, मधलं कडेला असं फिरवा.

रश्शातली भेंडी करायची असेल तरी हीच पद्धत, फक्त मसाल्याच्या आधी, कडा तपकिरी झाल्या की भेंडी ताटात काढून ठेवा. मग चिंचेचा रस्सा वेगळा उकळा, खळखळ उकळी असताना भेंडी टाका आणि पाचेक मिनिटांत गॅस बंद. कच्ची भेंडी रश्शात टाकून शिजवली तर सगळा रस्साच बुळबुळीत होतो. दह्यातल्या भेंडीला तर परतलेली भेंडी पूर्ण गार करून, जेवायला बसायच्या पाच मिनिटं आधी घट्ट दह्यात मिसळा, आधीपासून मिसळून ठेवू नका.

राहिला डबा. कढईतून गरमागरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावलं की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं, ते भाजीवर टपकतं आणि दुपारी एक वाजता डबा उघडला की सकाळी कुरकुरीत असलेली भेंडी ओलसर, बसलेली मिळते. ताटात पसरून पंख्याखाली दहा मिनिटं गार करा आणि मगच भरा, पोळ्या वेगळ्या कप्प्यात. गरम पोळीची वाफ पण तेच करते.